मोठी फाइल आणि एकुलती प्रत

फोनवर ‘स्टोरेज फुल’ अशी सूचना आली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नको ते साठलंय, सरसकट उडवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, कशालाच हात लावू नका, कुठल्या फाइलीत काय असेल सांगता येत नाही. दोघांचंही म्हणणं अनुभवातून आलेलं असतं, म्हणून ते समोरासमोर ठेवून तपासावं, यासाठी हा लेख. उदाहरणासाठी 64 जीबीचा एक अँड्रॉइड फोन धरू. तो निवृत्त मामांचा आहे आणि भाची तो रिकामा करून द्यायला बसली आहे. सेटिंगमधल्या स्टोरेजच्या पानावर साधारण असा हिशेब दिसतो : सिस्टम 15 जीबी, अ‍ॅप 17, व्हिडिओ 17, फोटो 8, ऑडिओ 1, कागदपत्रं आणि इतर 3, कचरापेटी 2. एकूण 63. उरला एक जीबी. कॅमेरा अडखळतोय, अपडेट उतरत नाही.

भाची : मामा, हे बघ, सरळ हिशेब आहे. फायली आकाराप्रमाणे लावायच्या, सगळ्यात मोठी वर. वरून पन्नास उडवल्या की अर्धा फोन मोकळा. एकेक फोटो उघडून ‘हा ठेवू का, तो ठेवू का’ करत बसलो तर दिवाळी येईल. आणि खरं सांगू? यातलं निम्मंअधिक तू पुन्हा कधी उघडणारच नाहीस. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ, कुणीतरी पुढे ढकललेली भाषणं, कुठल्या तरी लग्नाचे तेच ते फोटो. त्यांच्यासाठी जीव कशाला टांगणीला लावायचा?

मामा : तू म्हणतेस तो कचरा असेलही. पण त्याच ढिगात तुझ्या आजोबांचे व्हॉइस मेसेज आहेत, जुन्या वाड्याचं पाडकाम सुरू होण्याआधी मी फिरून काढलेला व्हिडिओ आहे, जमिनीच्या कागदांचे फोटो आहेत. हे कुठे आहेत ते मला नेमकं माहीत नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटते. मशीनला आकार कळतो, मोल कळत नाही. त्यापेक्षा मी 256 जीबीचा नवा फोन घेतो, आहे ते सगळं त्यात जाऊ दे. पैसे गेले तरी चालतील, वस्तू राहिली पाहिजे.

मामांचं एक वाक्य इथे नीट ऐकायला हवं : मशीनला आकार कळतो, मोल कळत नाही. ते खरं आहे. पण भाचीचं म्हणणंही आकड्यांवर उभं आहे. फोनमधली जागा सगळ्या फायलींत सारखी वाटलेली नसते. साधा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. 1080पी दर्जाचा व्हिडिओ बहुतेक फोनवर मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी घेतो आणि 4के दर्जाचा त्याच्या अडीच-तीन पट. म्हणजे दहा मिनिटांचा एक 4के व्हिडिओ तीन जीबीच्या घरात जातो, आणि तेवढ्याच जागेत सहाशे ते हजार फोटो मावतात. दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज आहेत. बोलण्यापुरता आवाज दाबून साठवलेला असल्याने मिनिटाभराचा मेसेज शंभर-दीडशे केबीच्या आसपास बसतो, म्हणजे असे हजार मेसेज ठेवले तरी एका मोठ्या व्हिडिओची जागा होत नाही. जमिनीच्या कागदांच्या फोटोंचंही तसंच. तेव्हा जागा शोधायची असेल तर लहान फायलींच्या वाटेला जाण्याचं कारणच नाही. मामांना ज्यांची सर्वांत जास्त काळजी आहे त्या बऱ्याचशा वस्तू आकाराच्या यादीत इतक्या खाली आहेत की साफसफाई तिथवर पोचतच नाही. भाचीची पद्धत मामांना वाटते तितकी धोक्याची नाही, हा पहिला निष्कर्ष. मात्र ती पुरेशीही नाही, आणि त्याचं कारण याच वाड्याच्या व्हिडिओत सापडतं.

भाची : तो व्हिडिओ आहे ना, तो तर दोनदा आहे! हा बघ एक, 390 एमबी. आणि हा दुसरा, तोच वाडा, तेच जिने, फक्त 35 एमबी. एक ठेवायचा तर लहान ठेवू आणि मोठा उडवू. वस्तूही राहिली आणि जागाही झाली. आता तरी पटलं?

इथे घाई केली तर नुकसान होतं, आणि ते फाइलीचं नाव नीट वाचलं तर टळतं. मोठ्या फाइलीचं नाव आहे VID_20240518_171203.mp4 आणि ती DCIM/Camera या फोल्डरमध्ये आहे. नावातच तारीख आणि वेळ आहे : 18 मे 2024, संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं. हे फोनच्या कॅमेऱ्याने दिलेलं नाव. कंपनीनुसार त्यात थोडा फरक पडतो, पण तारीख आणि वेळ हाच सांगाडा असतो. लहान फाइलीचं नाव आहे VID-20240518-WA0007.mp4. यातलं WA म्हणजे ती व्हॉट्सअ‍ॅपमधून गेली किंवा आली आहे, आणि शेवटचा आकडा त्या दिवसाचा क्रमांक. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव Sent. मामांनी वाड्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पाठवला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने तो दाबून लहान केला, ती लहान आवृत्ती पाठवली आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली. म्हणजे 390 एमबीची फाइल मूळ आहे आणि 35 एमबीची तिची उतरलेल्या दर्जाची नक्कल. ‘मोठी उडवा’ या नियमाने नेमकी मूळ वस्तू गेली असती. जिन्याच्या खांबावरचं कोरीवकाम, दारावरची तारखेची पाटी, हे जे पुढे कधीतरी मोठं करून बघावंसं वाटेल ते लहान आवृत्तीत पुसट झालेलं असतं आणि परत येत नाही. दुबार फायली शोधून देणारी अ‍ॅपही इथे उपयोगी पडत नाहीत, कारण ती बहुधा तंतोतंत एकसारख्या फायलीच दुबार धरतात. आकार आणि दर्जा बदललेल्या या दोन फायली त्यांच्या लेखी वेगळ्या असतात.

म्हणून माझं म्हणणं असं : आकारावरून फक्त कुठे बघायचं ते कळतं. काय काढायचं हे ठरवणारा प्रश्न वेगळा आहे, आणि तो असा की ही फाइल गेली तर तीच वस्तू, त्याच दर्जाची, आणखी कुठून मिळेल? उत्तर तीनपैकी एक असतं. पहिलं, ज्या अ‍ॅपने ती आणली ते अ‍ॅप ती पुन्हा आणून देईल. दुसरं, तिची प्रत अन्यत्र आहे आणि ती आपण उघडून पाहिली आहे. तिसरं, ही एकुलती प्रत आहे. पहिल्या प्रकारच्या फायली निर्धास्तपणे काढाव्यात, दुसऱ्या प्रकारच्या खात्री करून काढाव्यात, तिसऱ्यांना प्रत होईपर्यंत हात लावू नये. मोल ठरवण्याचं अवघड काम यात बरंचसं टळतं. एखादी वस्तू मौल्यवान आहे का, यावर मामा आणि भाची कायम भांडू शकतील, पण तिची दुसरी प्रत आहे की नाही हे दोघांना तपासून बघता येतं.

मामा : तपासायचं म्हणजे काय, तेच तर मला समजत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं व्हॉट्सअ‍ॅपकडे असतंच ना? त्या टेलिग्रामचं तर सगळे सांगतात, उडवलं तरी पुन्हा दिसतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवरचंही दिसेल.

हा गैरसमज मोठा आहे, आणि दोन अ‍ॅप सारखी दिसतात म्हणूनच होतो. टेलिग्राममधल्या नेहमीच्या चॅटचे फोटो आणि व्हिडिओ टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात. फोनवर असतो तो फक्त पाहण्यापुरता उतरवलेला साठा. टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये Data and Storage आणि त्यात Storage Usage उघडलं की तो साठा किती आहे ते दिसतं आणि एका बटणाने काढता येतो. पुढे कधी तो व्हिडिओ लागला तर चॅटमध्ये जाऊन त्यावर बोट ठेवलं की पुन्हा उतरतो. अपवाद सिक्रेट चॅटचा, कारण ते सर्व्हरवर राहत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपची रचना उलट आहे. तिथे संदेश आणि फोटो पोचवण्यापुरते सर्व्हरवर थांबतात. न उतरवलेली फाइल 30 दिवसांपर्यंत राहते. एकदा फोनवर आली की तीच तुमची प्रत. ती काढली आणि बॅकअपमध्ये नसली तर चॅटमध्ये धूसर चौकोन उरतो, आणि ज्याने पाठवली त्याला ती पुन्हा पाठवायला सांगण्यापलीकडे फारसा उपाय राहत नाही. तोच व्हिडिओ एका अ‍ॅपमध्ये पहिल्या प्रकारात बसतो आणि दुसऱ्यात तिसऱ्या प्रकारात. आकार तोच, चित्र तेच, पण निर्णय वेगळा.

आता मामांचा फोन या क्रमाने घेऊ. सुरुवात अ‍ॅपच्या 17 जीबीपासून, कारण तिथे आठवणी कमी आणि परत मिळणाऱ्या वस्तू जास्त असतात. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी आकाराप्रमाणे लावली की वरची चार-पाच नावंच बहुतेक जागा अडवून बसलेली दिसतात. मामांच्या फोनवर टेलिग्रामने पाच जीबी धरलेत, त्यातले साडेचार उतरवलेल्या साठ्याचे आहेत. प्रवासासाठी उतरवलेल्या मालिकेचे भाग मालिका दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये अडीच जीबी अडवून आहेत. हे भाग गॅलरीत किंवा फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाहीत, म्हणून विसरले जातात. ते त्या अ‍ॅपच्या डाउनलोडच्या यादीत जाऊनच काढावे लागतात. त्यानंतर कचरापेटी. अनेक फोनच्या गॅलरीत काढलेला फोटो 30 दिवस कचरापेटीत थांबतो, आणि तोवर जागा तो घेतच असतो. पुष्कळ लोक शेकडो फोटो काढूनही आकडा हलत नाही म्हणून वैतागतात, त्याचं कारण हेच. कचरापेटीतल्या दोन जीबींवर एकदा नजर टाकून, चुकून गेलेलं काही परत घेऊन, ती रिकामी करायची. साडेचार, अडीच आणि दोन मिळून नऊ जीबी झाले. अजून मामांच्या एकाही आठवणीला कुणी हात लावलेला नाही.

भाची : मग त्या अ‍ॅपच्या पानावर Clear storage असंही बटण आहे की. व्हॉट्सअ‍ॅपचं ते दाबलं तर एका फटक्यात सगळं साफ!

ते बटण आणि त्याच्या शेजारचं Clear cache यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅशे म्हणजे अ‍ॅपने वेळ वाचवण्यासाठी तात्पुरतं साठवलेलं. ते काढलं तर अ‍ॅप काही काळ किंचित सावकाश चालेल, इतकंच. Clear storage दाबलं की अ‍ॅप नुकतंच बसवल्यासारखं कोरं होतं : लॉगइन जातं, अ‍ॅपच्या आतली माहिती जाते, व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत फोनवरचा संवाद जातो. काही फोनवर याच बटणाला Clear data म्हणतात. जागा मिळवण्यासाठी या बटणाकडे वळूच नये. कॅशे काढण्यालाही मर्यादा आहे. अ‍ॅप वापरलं की तो पुन्हा भरतो, आणि जागा फार कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःच कॅशे काढून जागा करतं. त्यामुळे ‘एका बोटात फोन स्वच्छ’ म्हणणारी अ‍ॅप जो मोठा आकडा दाखवतात त्यातला पुष्कळसा भाग काही दिवसांत परत येणारा असतो. शिवाय अँड्रॉइड 11 पासून एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या खासगी फोल्डरमध्ये शिरता येत नाही, म्हणून टेलिग्रामचा किंवा मालिकांचा साठा त्यांना नीट दिसतही नाही. अशा अ‍ॅपला सगळ्या फायली बघण्याची परवानगी देऊन मिळणारा फायदा फार थोडा आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या सेटिंगमध्ये Storage and data आणि त्यात Manage storage उघडलं की वर दोन कप्पे दिसतात : अनेकदा पुढे ढकललेल्या फायलींचा आणि Larger than 5 MB असा पाच एमबीपेक्षा मोठ्या फायलींचा. खाली कुठल्या चॅटने किती जागा घेतली त्याची उतरती यादी असते. पहिला कप्पा भाचीचा आणि दुसरा दोघांचा. अनेकदा पुढे ढकललेलं म्हणजे जे पाच किंवा अधिक हातांतून आलं आहे. अशी वस्तू फक्त आपल्याकडेच असण्याची शक्यता नगण्य, तेव्हा तिच्यात मन अडकवण्याचं कारण नाही. इथून मामांना तीन जीबी मिळतात. दुसऱ्या कप्प्यात थांबून बघावं लागतं, कारण भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ आणि कुणाच्या भाषणाची चित्रफीत शेजारीशेजारी असतात. इथे काढलेली फाइल गॅलरीच्या कचरापेटीत जात नाही, ती थेट जाते. म्हणून ज्याचं मूळ दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात आहे पण ते त्याच्याकडे अजून आहे की नाही हे माहीत नाही, अशी घरची वस्तू एकुलतीच धरायची.

मामा : आणि माझ्या वडिलांचे आवाज?

त्यांच्याबाबत एकच गोष्ट पाळायची : जागेसाठी अख्खं चॅट कधीही साफ करायचं नाही. आकाराच्या यादीत एखादं चॅट दोन जीबीचं दिसतं आणि ‘हे अख्खंच काढू’ असा मोह होतो. पण त्या दोन जीबींतला जवळपास सगळा भाग पंधरा-वीस व्हिडिओंचा असतो, आणि चॅट साफ केलं की त्यांच्यासोबत काही एमबीचे सगळे व्हॉइस मेसेज आणि लिहिलेला शब्दन्‌शब्द जातो. जागेच्या हिशेबात त्यांचं वजन शून्य, आणि नुकसान मात्र पूर्ण. चॅटच्या आत शिरून फायली आकाराप्रमाणे लावून वरचे व्हिडिओ तेवढे काढले तर दोन जीबी मिळतात आणि आवाज जागेवर राहतात. ते आवाज इतके मोलाचे असतील तर त्यांची प्रत व्हॉट्सअ‍ॅपबाहेरही करून ठेवावी. फाइल मॅनेजरमध्ये Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media या वाटेने गेलं की WhatsApp Voice Notes हा फोल्डर सापडतो. त्यात PTT ने सुरू होणाऱ्या नावाच्या छोट्या फायली असतात आणि नावातच तारीख असते. हा अख्खा फोल्डर संगणकावर उतरवायला फार वेळ लागत नाही.

याच वाटेवर WhatsApp Video आणि WhatsApp Images यांच्या आत Sent नावाचे फोल्डर आहेत. त्यांतल्या फायली सहसा गॅलरीत दिसत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं साठत राहतात. मामांच्या फोनवर हे दीड जीबी आहे. वाड्याच्या व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे यातल्या बहुतेकांचं मूळ कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतं. मूळ तिथे आहे हे पाहिलं की नक्कल काढायला हरकत नाही, फक्त चॅटमध्ये ती पुन्हा उघडणार नाही. अपवाद दोन. व्हॉट्सअ‍ॅपच्याच कॅमेऱ्याने काढून तिथल्या तिथे पाठवलेल्या फोटोचं किंवा व्हिडिओचं वेगळं मूळ DCIM मध्ये नसतं. आणि मूळ पूर्वीच कधी साफसफाईत गेलं असेल तर Sent मधली फिकट नक्कलच आता एकुलती झालेली असते. दोन्ही बाबतीत ती ठेवायची.

उरले कॅमेऱ्यातले व्हिडिओ, या फोनवर दहा जीबी. इथेच मामांची भीती खरी आहे, कारण ही सगळी मूळं आहेत. आणि इथेच क्लाउडचा मुद्दा निघतो.

भाची : अगं बाई, पण मामा, तुझे फोटो गूगल फोटोजवर जातातच की! मग फोनमधले सरळ उडवू.

जातात हे खरं असेलही, पण त्यात चार अटी आहेत आणि चारही तपासाव्या लागतात. एक : गूगल फोटोज आपणहून कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं. व्हॉट्सअ‍ॅप, डाउनलोड, स्क्रीनशॉट यांचे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात, ते केले नसतील तर तिथलं काहीच वर गेलेलं नसतं. दोन : 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो खात्याच्या 15 जीबीच्या मोफत जागेत धरले जातात, त्याच जागेत जीमेलही बसतं आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. ती भरली की बॅकअप थांबतो, आणि सूचनेकडे लक्ष गेलं नाही तर महिनोन्‌महिने थांबलेलाच राहतो. तीन : जागा वाचवणारा दर्जा निवडला असेल तर 1080पीपेक्षा मोठे व्हिडिओ त्या मापाला उतरवले जातात, म्हणजे वरची प्रत मुळाइतकी उरत नाही. चौथी अट सर्वांत महत्त्वाची : गूगल फोटोजच्या आत जाऊन बॅकअप झालेला फोटो साध्या पद्धतीने डिलीट केला तर तो फोनवरून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. 60 दिवस तिथल्या कचरापेटीत थांबतो, मग संपतो. फोनवरची जागा मोकळी करून वरची प्रत राखायची असेल तर त्यासाठी Free up space ही वेगळी सोय आहे, जी बॅकअप झालेल्या वस्तूच फोनवरून काढते. ती वापरण्याआधी दुसऱ्या कुणाच्या संगणकावर photos.google.com उघडून वाड्याचा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो का, एवढं बघावं. ‘बॅकअप चालू आहे’ असं लिहिलेलं दिसणं आणि प्रत डोळ्यांनी बघणं यांत जे अंतर आहे, त्यातच बहुतेकांच्या वस्तू हरवतात.

क्लाउड नको असेल तर केबल लावून संगणकावर उतरवण्याचा मार्ग आहेच. फोन जोडल्यावर सूचनेत फाइल ट्रान्सफर निवडायचं, आणि फायली कॉपी करायच्या, कट करायच्या नाहीत. कट केलेल्या फायली हलवताना केबल निसटली तर कुठे काय राहिलं हे कळत नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का बघायचं, आणि पहिली, मधली आणि शेवटची फाइल संगणकावर चालवून बघायची. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर एक अडचण ठाऊक असू द्या : जुन्या पेनड्राइव्हवर बहुधा FAT32 ही मांडणी असते आणि तिच्यात चार जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामा असूनही ‘फाइल मोठी आहे’ असं उत्तर येतं. तो exFAT मांडणीत फॉरमॅट केला की अडचण सुटते, पण फॉरमॅटमध्ये त्यावरचं आधीचं सगळं जातं, म्हणून ते आधी बघून घ्यायचं.

मामा : इतका खटाटोप करण्यापेक्षा मेमरी कार्ड टाकलं तर? किंवा मी म्हटलं तसा मोठा फोन?

या सूचनेला उत्तर देणं भाग आहे, कारण ती साधी दिसते आणि निम्मी बरोबरही आहे. मोठ्या फोनने जागेचा प्रश्न काही वर्षं मागे जातो. पण मामांना जागेची काळजी नव्हतीच, त्यांना वस्तू राहिली पाहिजे होती. कार्डावर हलवलेला व्हिडिओ म्हणजे दुसरी प्रत झाली नाही, एकुलत्या प्रतीचा पत्ता बदलला. 256 जीबीचा फोन बसमध्ये विसरला, पाण्यात पडला, चोरीला गेला तर 64 जीबीच्या फोनपेक्षा चौपट गोष्टी एकदम जातात. म्हणजे काहीच न काढणारा माणूस स्वतःला सावध समजतो, पण प्रत्यक्षात त्याच्या सगळ्या मोलाच्या वस्तू एकाच यंत्राच्या भरवशावर असतात. काहीच न काढणं हे जपणं नव्हे. भाचीवरचा आक्षेपही तितकाच सरळ आहे. तिला वेळ वाचवायचा होता, पण आकारावरून सरसकट काढण्यात वेळ वाचतो तो निर्णयाचा, आणि निर्णय तर थोड्याच फायलींबद्दल घ्यायचा असतो. टेलिग्राम, मालिका आणि कचरापेटी यांनी मिळवलेल्या नऊ जीबींत एकही अवघड प्रश्न आला नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या साडेचार जीबींत थोडे आले. कॅमेऱ्याच्या दहा जीबींपैकी प्रत करून सहा काढले तर एकूण साडेएकोणीस जीबी मोकळे होतात, आणि ज्यांच्यापुढे थांबून विचार करावा लागला अशा फायली पंचवीस-तीसच्या वर जात नाहीत. उरलेल्या हजारो लहान फोटोंकडे कुणी वळलेलंही नसतं.

भाची : म्हणजे मी आकाराने यादी लावायची, आणि प्रत्येक फाइलीपुढे तू मला विचारायचंस, दुसरी कुठे आहे?

मामा : आणि तुला दाखवता आली नाही, तर ती त्या दिवशी काढायची नाही. आधी उतरवायची. हे मला चालेल. पण मग एक कबूल कर, बारशाचा व्हिडिओ दोन ठिकाणी झाला, की फोनमधला मी स्वतः काढीन.

या वाटणीत दोघांनीही आपलं थोडं सोडलं आहे आणि मुख्य ते राखलं आहे. तिच्यावर एकच आक्षेप उरतो, की काही महिन्यांनी फोन पुन्हा भरेल. भरेलच, पण त्याचा वेग कमी करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या Storage and data मध्येच Media auto-download आहे, तिथे व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं की ज्यावर बोट ठेवाल तोच उतरेल. कॅमेऱ्यात नेहमीसाठी 1080पी ठेवून 4के फक्त वाड्यासारख्या प्रसंगी वापरलं की व्हिडिओंची भर निम्म्याहून कमी होते. तरीही सूचना येईल तेव्हा तिच्याकडे जागेच्या टंचाईपेक्षा तपासणीची वेळ म्हणून बघणं जास्त फायद्याचं आहे. कुठल्या मोलाच्या गोष्टीची अजून एकच प्रत आहे, हा प्रश्न एरवी कुणी स्वतःला विचारत नाही. फोन भरल्यावर तो विचारावाच लागतो, आणि नीट विचारला तर जागा मिळतेच, शिवाय ती वस्तू पहिल्यांदाच सुरक्षित होते.